कर्ज फिटले, पण आरसीवर बँकेचे नाव

प्रश्न : कारचे कर्ज दोन वर्षांपूर्वी फेडले. बँकेने तेव्हा एनओसी आणि फॉर्म ३५ दिला होता, तो तसाच फाइलमध्ये आहे. आता गाडी विकायची आहे, पण आरसीवर अजून देना बँकेचे नाव दिसते. काय करावे?

उत्तर : हप्ते संपले म्हणून बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी आरटीओकडे अर्ज करावा लागतो. आधी एनओसीवरची तारीख पाहा. अशा पत्रावर बहुधा तीन महिन्यांची मुदत छापलेली असते, त्यामुळे तुमचे पत्र बाद झाले असणार. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली, तेव्हा नवी एनओसी तिथूनच घ्या. पत्रात जुन्या बँकेचे नाव आणि विलीनीकरणाचा उल्लेख हवाच, नाहीतर आरसीवरचे नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडतो. गाडीचा आणि चेसिसचा क्रमांक तिथेच, काउंटरवर ताडून पाहा. फॉर्म ३५ वर बँकेचा सही-शिक्का आणि तुमची सही, दोन्ही लागतात.

मग परिवहन पोर्टलवर ‘Hypothecation Termination’ निवडून शुल्क भरा. आरसी, चालू विमा आणि पीयूसी जवळ ठेवा. नवी आरसी हाती आल्यावर फायनान्सरचा रकाना रिकामा आहे ना, ते बघून घ्या.

विमा पॉलिसीवरचे बँकेचे नाव मात्र विमा कंपनीकडून वेगळे काढावे लागते. हे बहुतेक जण विसरतात आणि गाडी पूर्ण निकामी झाल्यावर दाव्याची रक्कम अडकते.