उद्देशपत्र : यादीकडून युक्तिवादाकडे

मुकुंदवाडी हे एके काळी स्वतंत्र गाव होते. आज ते छत्रपती संभाजीनगर शहराचा भाग असून चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत तेथून जवळच आहे. अशा वस्त्यांतील अनेक कुटुंबांत उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी होय. या पिढीतील विद्यार्थी जेव्हा पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करतात, तेव्हा त्यांच्याकडून गुणपत्रकाबरोबर एक उद्देशपत्रही मागितले जाते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्तीसाठी आधी विद्यापीठाचा प्रवेश मिळालेला असावा लागतो, आणि त्या प्रवेशाच्या निर्णयात हे पान-दीड पानाचे पत्र वाचले जाते. ते तपासून देण्याची विनंती साहजिकच गावातील वा वस्तीतील शिक्षकाकडे येते.

अशा पत्रांतील भाषादोष सहज दुरुस्त होतात. परंतु एक दोष बहुधा तसाच राहून जातो. पत्रात यशाचे प्रसंग एकापुढे एक मांडलेले असतात, मात्र त्यांतून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

एक उदाहरण

मुकुंदवाडीतील एका स्थापत्य अभियंता मुलीची कल्पना करू. तिला पाणीपुरवठा व्यवस्थापनाचे शिक्षण घ्यावयाचे आहे. तिच्या पहिल्या मसुद्यातील परिच्छेदांची सुरुवात पुढीलप्रमाणे आहे :

“दहावीला मला 91 टक्के गुण मिळाले.” “महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतून मी 40 घरांच्या पाण्याचे सर्वेक्षण केले.” “याशिवाय वक्तृत्व स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळवले.” “त्याचप्रमाणे अंतिम वर्षी जलवाहिनीतील दाबावर प्रकल्प केला.” “तसेच दोन वर्षे एका कंत्राटदाराकडे पर्यवेक्षक म्हणून काम केले.” “म्हणून मला आपल्या विद्यापीठात प्रवेश हवा आहे.”

यातील प्रत्येक वाक्य खरे आहे, शुद्धही आहे. आता दोन परिच्छेदांची अदलाबदल करून पाहावी. वक्तृत्वाचा परिच्छेद प्रकल्पानंतर नेला, तरी काहीच बिघडत नाही. जेथे क्रम बदलूनही अर्थ बदलत नाही, तेथे युक्तिवाद नसतो, केवळ यादी असते. ‘याशिवाय’, ‘त्याचप्रमाणे’, ‘तसेच’ ही या दोषाची बाह्य खूण होय. हे शब्द बेरीज करतात, कारण सांगत नाहीत. शेवटच्या ‘म्हणून’ला तर मागे कोणताच आधार नाही.

उरलेला प्रश्न शोधावा

येथे पुष्कळ जण ‘तसेच’ खोडून ‘त्यामुळे’ लिहितात. ही दुरुस्ती नव्हे. “मला पारितोषिक मिळाले, त्यामुळे मी जलवाहिनीच्या दाबाचा अभ्यास केला” हे वाक्य वाचताच त्यातील खोटा सांधा उघडा पडतो. म्हणून शब्द बदलण्यापूर्वी प्रत्येक परिच्छेदापुढे समासात दोन गोष्टी लिहाव्यात : या अनुभवातून काय कळले, आणि काय कळावयाचे राहिले?

आपल्या उदाहरणातील मुलीला हे विचारले असता पुढील उत्तरे मिळतात. सर्वेक्षणात तिला आढळले की, एकाच गल्लीत पहिल्या घरांच्या टाक्या भरून वाहत, तर शेवटच्या घरांत पिंपही भरत नसे. असे का होते, हे मात्र सर्वेक्षणातून कळले नाही. प्रकल्पात तिने गल्लीच्या दोन्ही टोकांना दाब मोजला. पाणी रोज येत नसल्याने ते येताच सर्वांचे नळ एकदम उघडत, काही मोटारी लावत, आणि शेवटच्या टोकाला दाब उरत नसे. नळीचा व्यास वाढवावा, असे उत्तर तिने काढले. ते टिकेल काय, हा प्रश्न उरला. नोकरीत तिने एका वस्तीत मोठ्या व्यासाची नळी टाकून घेतली. काही महिने शेवटच्या घरांना पाणी मिळाले. पुढे पहिल्या घरांनी मोठ्या टाक्या बांधल्या आणि तूट पुन्हा दिसू लागली. झडपा कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने, किती काळ उघडावयाच्या आणि वाटप कसे ठरवावयाचे, हे तिला शिकवलेच गेले नव्हते.

या टिपणांतून क्रम आपोआप ठरतो. एका परिच्छेदाचा उरलेला प्रश्न पुढच्या परिच्छेदाची सुरुवात बनतो. गुण आणि पारितोषिक यांना या साखळीत जागा नाही. गुण गुणपत्रकात आहेतच, पारितोषिक परिचयपत्रात जावे. विद्यार्थ्याला हे गाळणे जड जाते. परंतु साखळीबाहेरची कडी ठेवल्यास वाचकाचा धागा तेथेच तुटतो.

सांध्याचे वाक्य

क्रम ठरल्यावर सांध्याची वाक्ये लिहावीत. नव्या परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचकाला माहीत झालेल्या गोष्टीपासून निघावे आणि नव्या गोष्टीवर थांबावे. मराठीत ‘हा’, ‘ही’, ‘या’ यांना जोडून मागील मुद्द्याचे नेमके नाव घेतल्यास हे सहज साधते. नुसते ‘यामुळे’ लिहिले, तर कशामुळे हे वाचकाला शोधावे लागते. दुरुस्त मसुद्यातील सांधे असे होतील :

“शेवटच्या घरांची ही तूट सर्वेक्षणाने दाखवली, पण तिचे कारण सांगितले नाही. ते शोधण्यासाठी अंतिम वर्षी मी गल्लीच्या दोन्ही टोकांना दाब मोजला.”

“मोठा व्यास हे माझे उत्तर तोवर कागदावरच होते. पदवीनंतर घरच्या गरजेमुळे मी कंत्राटदाराकडे नोकरी धरली, पण तेथेच त्या उत्तराची परीक्षा झाली.”

“नळी बदलूनही तूट परतली, कारण पाणी सोडण्याची पद्धत बदलली नव्हती. ही पद्धत कशी आखावी, हे मला शिकावयाचे आहे.”

आता शेवटच्या वाक्याला वेगळ्या ‘म्हणून’ची गरजही उरत नाही. प्रवेशाची मागणी मागील तीन परिच्छेदांतूनच निघते.

सत्याची मर्यादा

दुसरा सांधा पुन्हा वाचण्याजोगा आहे. नोकरी गरजेपोटी धरली, हे त्यात लपवलेले नाही. “उत्तर तपासण्यासाठीच मी नोकरी स्वीकारली” असे लिहिणे अधिक देखणे दिसले असते, परंतु ते असत्य ठरले असते, आणि मुलाखतीत एका प्रश्नातच उघडे पडले असते. आयुष्यातील घटना योजनेने घडलेल्या असाव्यात, अशी युक्तिवादाची अट नाही. एका घटनेने विचाराला पुढे नेले, एवढे खरे असले की पुरे. ‘पण’ हा शब्द योगायोगालाही प्रामाणिकपणे जोडून घेतो. ज्या अनुभवातून असा कोणताच प्रश्न उरला नव्हता, त्यासाठी प्रश्न रचू नये. तो अनुभव गाळावा.

शिक्षकाने तपासताना

तपासणीच्या वेळी प्रथम सर्व जोडशब्दांवर पट्टी ठेवून मसुदा वाचावा. संबंध तरीही कळत असेल, तर सांधा खरा आहे. नंतर प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य एका कागदावर उतरवावे. ही वाक्ये सलग वाचून अर्जदाराला काय शिकावयाचे आहे आणि का, हे पत्र न वाचलेल्या सहकाऱ्यालाही सांगता आले पाहिजे. जेथे तो अडखळेल, तेथे विद्यार्थ्याला नवा शब्द सुचवू नये. “येथे तुला काय कळले नव्हते?” एवढेच विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत तेथे लिहून घ्यावे.