दहावीची मराठी कृतिपत्रिका : तीन तास दहा मिनिटांचा हिशेब

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला हिशेबाची सवय असते. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर चूक बहुधा सकाळच्या गर्दीतच झालेली असते. दहावीच्या मराठीच्या पेपरचेही असेच आहे. निबंध अपुरा राहिला म्हणून मुले शेवटच्या अर्ध्या तासाला दोष देतात, परंतु वेळ गेलेला असतो तो पहिल्या तासात. तो कोठे जातो आणि कसा राखावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एकूण वेळ पाहू. पूर्वी राज्य मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचनासाठी दहा मिनिटे आधी हातात मिळत असे. २०२३ च्या परीक्षेपासून ही पद्धत बंद झाली आणि ती दहा मिनिटे शेवटी जोडून देण्यात आली. म्हणजे सकाळच्या सत्रात पेपर अकराला मिळतो आणि दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. पुष्कळ मुले ही दहा मिनिटे शेवटी मिळालेला बोनस समजतात. तसे समजू नये. वाचन तर करावेच लागते, म्हणून ती दहा मिनिटे आपण मनाने पुन्हा सुरुवातीला आणावीत. आपल्याजवळ एकूण १९० मिनिटे आहेत, त्यांपैकी १० वाचनाची.

कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची असते. गद्य विभागाला १८, पद्याला १६, स्थूलवाचनाला ६, भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४ गुण. सरळ भागाकार केला तर गुणाला सुमारे सव्वादोन मिनिटे येतात. पण सगळी वाटून टाकली, तर तपासायला काहीच उरत नाही. म्हणून गुणाला दोन मिनिटे हे माप धरावे आणि त्यात एकच फेरफार करावा. भाषाभ्यासात समास, शब्दसिद्धी, वाक्प्रचार, विरामचिन्हे असे मुद्दे येतात. तेथे लिहायचे थोडे असते, येते ते लगेच येते. १६ गुणांना ३२ मिनिटे न देता २२ द्यावीत आणि वाचलेली १० उपयोजित लेखनाला द्यावीत, कारण तेथे खरोखर हात चालवावा लागतो.

आता घड्याळ लावून पाहू. अकरा ते अकरा दहा वाचन. गद्याला ३६ मिनिटे, म्हणजे ११.४६ पर्यंत. पद्याला ३२, म्हणजे १२.१८. स्थूलवाचनाला १२, म्हणजे साडेबारा. भाषाभ्यासाला २२, म्हणजे १२.५२. उपयोजित लेखनाला ५८, म्हणजे १.५०. उरतात २० मिनिटे. त्यांतील पहिली आठ सोडून दिलेल्या अवघड कृतींसाठी आणि शेवटची बारा फेरतपासणीसाठी.

एवढे सगळे आकडे परीक्षेत कोणाच्या लक्षात राहत नाहीत. एकच लक्षात ठेवावा : १२.५२. त्या वेळी मागचे काही अपुरे असो वा नसो, उपयोजित लेखनाचे पान उघडायचे.

हे मी का म्हणतो, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या वस्तीतील एका मुलीने घरी सराव पेपर सोडवला. हुशार मुलगी, अक्षर सुरेख. मी तिला प्रत्येक कृती संपली की समासात वेळ लिहायला सांगितले होते. गद्य विभागाला तिला ५४ मिनिटे लागली होती, म्हणजे १८ मिनिटे जास्त. कोठे गेली ती? गद्यात पाठ्यपुस्तकातील दोन उतारे प्रत्येकी ७ गुणांचे आणि एक अपठित उतारा ४ गुणांचा. पठित उताऱ्याखालची स्वमताची कृती ३ गुणांची असते. तेथे आठ-नऊ ओळी पुरतात. हिने दोन्ही स्वमते पानपानभर लिहिली होती. त्यात सुमारे १२ मिनिटे गेली. बाकीची सहा अपठित उताऱ्यात. उतारा आधी तीनदा वाचला, मग कृती पाहिल्या, मग पुन्हा उतारा. आधी कृती वाचून मग उतारा वाचला असता, तर दोन वाचनांत काम झाले असते.

परिणाम काय झाला? पत्र आणि जाहिरात झाली. बातमी घाईत उरकली. लेखनकौशल्याची ८ गुणांची कृती चार ओळींवर थांबली. ३ गुणांचे स्वमत एक पान लिहिले काय आणि अर्धे पान लिहिले काय, फरक पडला तर अर्ध्या गुणाचा. उलट ८ गुणांच्या निबंधात पहिल्या दहा मिनिटांतच तीन-चार गुणांचा मजकूर कागदावर येतो. सुरुवातीची मिनिटे महाग असतात, शेवटची स्वस्त. म्हणून कृती पूर्ण सजवण्यापेक्षा पुढची सुरू करणे फायद्याचे. दुसऱ्या सराव पेपरात तिने स्वमत नऊ ओळींवर तोडले आणि १२.५५ ला पाचव्या विभागाला लागली. निबंध पूर्ण झाला.

उपयोजित लेखनाची ५८ मिनिटेही वाटून घ्यावीत. पत्र किंवा सारांश ६ गुणांचा, त्याला १३ मिनिटे. जाहिरात, बातमी, कथा यांपैकी दोन, प्रत्येकी ५ गुणांच्या, त्यांना मिळून २२. लेखनकौशल्याला २३. कोणते पर्याय घ्यायचे हे मात्र येथे ठरवू नये. ते सुरुवातीच्या दहा मिनिटांतच ठरवावे. आत्मकथन लिहू की वैचारिक, या घोळात पाच मिनिटे कशी जातात, ते कळतही नाही. काही शिक्षक पाचवा विभाग सर्वांत आधी सोडवायला सांगतात. ज्याचा हात फारच मंद आहे, त्याने तसे जरूर करावे. विभाग व कृतीचे क्रमांक मात्र अचूक टाकावेत.

अवघड कृतींविषयी थोडे. अडचण दोन प्रकारची असते. समासाचे नाव आठवत नाही, वाक्प्रचाराचा अर्थ आठवत नाही, ही आठवणीची अडचण. तिच्यापुढे ताटकळून काही होत नाही. अर्धा मिनिट थांबावे, क्रमांक लिहून दोन ओळी रिकाम्या ठेवाव्यात आणि पुढे जावे. पुढे लिहिता लिहिता पुष्कळदा आठवते. दुसरी अडचण अर्थाची. कवितेची ओळ उमगत नाही. तेथे वेळ दिला तर उपयोग होतो, पण तो १.५० नंतरच्या आठ मिनिटांतला. रिकाम्या ओळींमुळे जागा चटकन सापडते. प्रश्नपत्रिकेवर खुणा करू नयेत, त्यावर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायचे नसते. शेवटीही आठवले नाही, तर सुचेल ते लिहावे. चुकीच्या उत्तराचे गुण येथे कापले जात नाहीत.

शेवटच्या बारा मिनिटांत सगळा मजकूर वाचून होत नाही, तसा प्रयत्नही करू नये. आधी क्रमांक आणि उपक्रमांक पाहावेत. मग आकृत्यांतील सर्व चौकटी भरल्या का ते पाहावे, कारण चारपैकी तीनच चौकटी भरणे ही मी पाहिलेली सर्वांत सर्रास चूक आहे. नंतर पत्रातील दिनांक, प्रति आणि विषय. उरलेल्या वेळात फक्त निबंधाचे शुद्धलेखन. पुरवणी घेतली असेल, तर तिच्यावरचे तपशील आणि दोरा बांधणे यांत तीन-चार मिनिटे जातात, तीही याच बारांतून. म्हणून पुरवणी मागायची ती मुख्य उत्तरपत्रिकेची शेवटची दोन पाने कोरी असतानाच.

वेळेचा हा आराखडा सरावाशिवाय लागू पडत नाही. हाताचा वेग प्रत्येकाचा वेगळा. घरी अकराला बसून, समोर काट्याचे साधे घड्याळ ठेवून, निदान तीन पेपर सोडवावेत आणि समासात वेळ लिहावी. तिन्ही पेपरांत एकच विभाग लांबत असेल, तर त्या विभागातील कोणती कृती मिनिटे खाते, ते शोधावे. बहुतेक वेळा ते स्वमत तरी असते, नाहीतर रसग्रहण.