पार्किंगची पाहणी: कमिटीला काय लिहावे?

प्रश्न: आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आणि ३० जागा. रोज भांडणे होतात. रहिवाशांचे मत घ्या, असे कमिटीला कसे सुचवू?

उत्तर: पत्र सचिवांच्या नावे द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले हवेत विरते. मजकूर असा ठेवा:

“मा. सचिव, स. न. पार्किंगचे नियम सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याआधी प्रत्येक फ्लॅटमागे एक अर्ज भरून घ्यावा, ही विनंती. त्यात विचारावे: आपल्याकडे चारचाकी, दुचाकी किती? गाडी रात्री कुठे उभी असते? दिलेली जागा वापरात आहे का? जागा अपुऱ्या पडल्यास दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात का? दुसऱ्या गाडीला जादा शुल्क मान्य आहे का? पाहुण्यांच्या गाड्यांचे काय?”

“पार्किंगबद्दल समाधानी आहात का?” हे मात्र विचारू नका, उत्तर ठाऊकच आहे. रात्रीच्या गाडीचा प्रश्न खरा कामाचा. त्यातून रिकाम्या राहणाऱ्या जागा कळतात. भाडेकरूंनाही विचारा, पण त्यांची उत्तरे वेगळी मोजा, कारण सभेत मत सभासदाचे. पाहणीने नियम बदलत नाही, त्यासाठी सभेचा ठरावच लागतो.