पासवर्ड बदलल्यावर मेल थांबला : आय. टी. कक्षास लिहावयाचे टिपण

हुबळी व धारवाड या जोडशहरांच्या दरम्यान असलेल्या अमरगोळ येथे हुबळीच्या कृषि उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार आहे. कापूस, मिरची, भुईमूग यांचे व्यवहार करणाऱ्या पेढ्यांची व वाहतूक संस्थांची कार्यालये या परिसरात आहेत. त्यांपैकी एखाद्या कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्यास व शाखा अमरगोळला असेल, तर शाखेतील लिपिकाच्या संगणकात बिघाड झाला असता तो पाहावयास पुण्याहून कोणी येत नाही. पुण्याच्या आय. टी. कक्षाला जे काही कळावयाचे, ते लिपिकाने लिहिलेल्या चार ओळींवरूनच. प्रस्तुत लेखात अशा एका टिपणाचा विचार केला आहे. उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील बिघाड कार्यालयांतून वारंवार आढळणारा आहे.

प्रथम बिघाडाचे स्वरूप समजून घेऊ. आपणांस आलेला मेल मुळात कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असतो. टेबलावरील संगणकात आउटलुकसारखा जो मेलचा प्रोग्रॅम असतो, तो ठराविक वेळाने सर्व्हरशी संपर्क साधून तेथील मेलची प्रत आपल्याकडे उतरवून घेतो आणि आपण लिहिलेला मेल तिकडे पोहोचवितो. शाखेची खतावणी मुख्य कार्यालयाच्या खतावणीशी रोज ताडून पाहावी, तसा हा प्रकार होय. यालाच सिंक होणे म्हणतात. प्रत्येक वेळी पासवर्ड विचारला जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम आपल्या ओळखीचा पुरावा संगणकात जपून ठेवतो. पूर्वी हा पुरावा म्हणजे बहुधा पासवर्डच असे. मायक्रोसॉफ्टने आपल्या मेल-सेवेत ती जुनी पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास आरंभ केला. नव्या पद्धतीत पासवर्ड एकदा दिला की सर्व्हर मुदतीचा एक परवाना देतो व प्रोग्रॅम तो परवाना दाखवून काम करतो.

पासवर्ड बदलला की त्याच्या आधारे दिलेले जुने परवाने रद्द होतात. येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. काही ठिकाणी मेल तत्काळ थांबतो. काही ठिकाणी हातातील परवान्याची मुदत संपेपर्यंत, म्हणजे सुमारे तासभर, सर्व काही पूर्ववत् चालते व मग थांबते. त्यामुळे लिपिकाला या दोन घटनांचा संबंध जाणवत नाही. शिवाय थांबलेला प्रोग्रॅम आरडाओरडा करीत नाही. जुने मेल जागच्या जागी दिसतात, नवे येत नाहीत, आणि 'आज कोणाचे काही आले नाही' अशी समजूत होऊन दिवस निघून जातो.

आपल्या उदाहरणातील लिपिकाने सोमवारी पासवर्ड बदलला. मंगळवारी सकाळी गिरणीकडून दूरध्वनी आला की, कापसाच्या दोन गाड्या दाराशी उभ्या आहेत, परंतु त्यांची वजनपत्रके पोहोचलेली नाहीत. लिपिकाने तर ती आदल्या दिवशीच पाठविली होती. पाहतो तो पत्रके `Outbox` या कप्प्यात पडून होती. त्याने घाईघाईने पुण्यास लिहिले : 'मेल बंद आहे. अर्जंट. कृपया दुरुस्त करावे.'

या तीन वाक्यांवरून पुण्याच्या माणसास काय समजावे? सर्व्हर बंद, इंटरनेट बंद, खाते गोठविलेले, पासवर्ड विसरलेला अथवा संगणकच बिघडलेला, यांपैकी काहीही असू शकेल. साहजिकच तो उलट पाच प्रश्न विचारतो आणि प्रश्नोत्तरांत अर्धा दिवस जातो. (विषयाच्या जागी 'अर्जंट' लिहिल्याने टिपण लवकर वाचले जाते, हा आमच्या मते निव्वळ भ्रम आहे. कक्षाकडे येणारी बहुतेक टिपणे अर्जंटच असतात.)

आता हेच टिपण पुढीलप्रमाणे लिहिले असते तर पाहा :

'विषय : पासवर्ड बदलल्यानंतर आउटलुकमध्ये मेल येणे व जाणे बंद, शाखा अमरगोळ.

आय. टी. कक्षप्रमुख यांस सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल सोमवारी सकाळी १०.१५ वाजता मी पासवर्ड बदलला. माझ्या टेबलावरील संगणकात आउटलुकमध्ये आलेला शेवटचा मेल काल सकाळी ११.२० चा आहे. त्यानंतर काही आलेले नाही व गेलेलेही नाही. खालच्या पट्टीत `Need Password` असे दिसते. आउटलुक बंद करून पुन्हा उघडले असता पासवर्ड विचारणारी खिडकी क्षणभर दिसते व काही लिहिण्यापूर्वीच मिटते. संगणकही एकदा बंद करून चालू केला. फरक पडला नाही.

त्याच संगणकावर ब्राउझरमधून नव्या पासवर्डने मेल उघडतो व आज सकाळपर्यंतचे सर्व मेल तेथे दिसतात. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे आउटलुक नीट चालू आहे. माझ्या मोबाइलवर कालपासून नवा मेल आलेला नाही.

`Outbox` मध्ये ४ मेल अडकले आहेत. त्यांपैकी दोन मेल कापसाच्या गाड्यांच्या वजनपत्रकांचे असून ती आज दुपारी १ पर्यंत गिरणीस मिळणे आवश्यक आहे. या मेलची प्रत अन्यत्र नाही, तरी खाते काढून पुन्हा जोडावयाचे असल्यास आधी कळवावे. मी सायंकाळी ६ पर्यंत टेबलावर आहे. कळावे.'

हे टिपण काही लांबलचक नाही. परंतु कक्षातील जाणकार ते कसे वाचतो ते पाहण्यासारखे आहे. ब्राउझरमधून मेल उघडतो, एवढ्या एका वाक्याने सर्व्हर चालू आहे, खाते गोठलेले नाही आणि नवा पासवर्ड लिपिकास बरोबर ठाऊक आहे, या तिन्ही गोष्टी सिद्ध होतात. संपूर्ण टिपणातून एकच वाक्य ठेवावयाचे झाले, तर आम्ही हे ठेवू. शेजारचे आउटलुक चालू असल्याने कार्यालयाच्या इंटरनेटवरील संशय दूर होतो. राहिला तो लिपिकाचा संगणक. १०.१५ व ११.२० या दोन वेळांतील अंतर रद्द झालेल्या परवान्याकडे बोट दाखविते, आणि खिडकी आपोआप मिटते याचा बहुधा अर्थ असा की, संगणकात जपलेला जुना पुरावा नव्याच्या आड येत आहे. म्हणून जाणकार पहिली सूचना करील ती विंडोजच्या `Credential Manager` मध्ये जाऊन ऑफिसच्या नावाच्या जुन्या नोंदी काढण्याची, अथवा आउटलुकमधील `Office Account` येथून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करण्याची. हे काम दूरध्वनीवरून दहा-पंधरा मिनिटांत होण्यासारखे आहे.

`Outbox` विषयीचे वाक्य अनेकांस अनावश्यक वाटेल. वस्तुतः नुकसान टळते ते त्यानेच. अशा बिघाडावर आउटलुकमधून खाते काढून टाकावे व पुन्हा जोडावे, असा एक सोपा उपाय सांगितला जातो. आलेल्या मेलच्या बाबतीत तो निर्धोक आहे, कारण मूळ प्रत सर्व्हरवर असते व ती पुन्हा उतरते. परंतु `Outbox` मधील मेल सर्व्हरपर्यंत पोहोचलेलेच नसतात. त्यांची एकमेव प्रत त्या टेबलावरील संगणकात असते आणि खाते काढताच तीही पुसली जाते. तसे होण्यापूर्वी आउटलुक सूचना देते खरे, पण घाईत ती वाचतो कोण?

मोबाइलचा उल्लेखही याच कारणास्तव हवा. जुन्या पद्धतीने जोडलेला मोबाइल खिशात राहून जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा सर्व्हरकडे पाठवीत राहतो. ठराविक वेळा चुकीचा पासवर्ड आला की खाते काही काळ कुलूपबंद करावे, अशी व्यवस्था पुष्कळ कंपन्यांत असते. अशा वेळी ब्राउझरमधील मेल कधी उघडतो व कधी उघडत नाही. हा लपंडाव दिसला तर मोबाइलवरील मेल प्रथम बंद करावा व तसे टिपणात नमूद करावे.

ब्राउझरमध्येही नवा पासवर्ड मुळीच चालत नसेल, तर प्रकरण निराळे. मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषांत टंकलेखन करणाऱ्या आपल्या भागातील कार्यालयांत त्याचे एक कारण हमखास आढळते. कळफलक कन्नड वा मराठीवर राहिलेला असतो, आणि पासवर्डच्या जागी केवळ ठिपके उमटत असल्याने ते ध्यानी येत नाही. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती पाहावी. खूण बरोबर असूनही प्रवेश मिळत नसेल तर टिपण लिहीत न बसता कक्षास दूरध्वनी करावा.

टिपणात पासवर्ड मात्र कदापि लिहू नये, जुनाही नाही. दुरुस्तीसाठी कक्षास त्याची गरज नसते. तो मागणारा अथवा 'आपला मेल थांबला आहे, येथे दाबा' असे सांगणारा मेल आला, तर तो कक्षाचा नसून ठकाचा समजावा.

टिपण कोठून पाठवावे, हाही प्रश्न आहेच. थांबलेल्या आउटलुकमधूनच ते पाठविणारे सद्गृहस्थ असतात, आणि दोन दिवसांनी त्यांचे टिपण इतर पत्रांसोबत `Outbox` मध्ये सापडते. ते ब्राउझरमधून पाठवावे.

गिरणीची वजनपत्रकेही दुरुस्तीची वाट न पाहता ब्राउझरमधूनच नव्याने जोडून पाठविता येतात. तसे केल्यास आउटलुकमध्ये `Work Offline` ही कळ दाबून `Outbox` मधील ते दोन मेल काढून टाकावेत व उरलेले दोन तसेच राहू द्यावेत. कारण नवा परवाना मिळताच आउटलुक साचलेले सर्व मेल न विचारता रवाना करते. तीच पत्रके गिरणीस दुसऱ्यांदा पोहोचली, तर दोन गाड्यांच्या चार गाड्या मांडल्या जाण्याचा संभव असतो. कक्षाची दुरुस्ती पूर्ण झाली की `Work Offline` ची कळ पुन्हा दाबून ती अवस्था उठवावी. अन्यथा परवाना नवा असूनही मेल थांबलेलाच राहील.