सतरा गोळ्या आणि आखूड बोटं

कोल्हापुरात नेमबाजी शिकलेल्या मुलीच्या हाती काडतुसाचं पहिलं पिस्तूल येतं ते बहुधा .२२ चं, स्पर्धेचं. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तोही असाच प्रकार. त्यात एका फैरीत पाचच गोळ्या लागतात. त्यामुळं मॅगझिन एकेरी रांगेचं असतं, आणि अनेक आधुनिक स्पर्धा-पिस्तुलांत ते मुठीत नसून ट्रिगरच्या पुढं असतं. मूठ मोकळी राहते. तिचं लाकूड नेमबाजाच्या तळहातानुसार घासून, भरून घेता येतं.

अशाच सरावातून पुढं पोलिसांत गेलेल्या एका कोल्हापूरकर तरुणीला नोकरीत १७ गोळ्यांच्या मॅगझिनचं ९ मिलिमीटर पिस्तूल मिळालं. उजव्या हातानं मारलेल्या तिच्या गोळ्या डावीकडं जाऊ लागल्या. आधी सगळ्यांनी ‘ट्रिगर झटकतेस’ असं सांगितलं. तिनं सराव वाढवला, तरी फरक पडेना. “मला वाटायचं, नजर बिघडली,” ती सांगते. “शेवटी एका जुन्या प्रशिक्षकानं वरून माझा हात बघितला आणि म्हणाला, ताई, तुझी पकडच फिरलेली आहे.”

ती का फिरली, हे मॅगझिनच्या मापात दिसतं. ९ मिलिमीटरच्या काडतुसाचा बुडाचा व्यास जवळपास १० मिलिमीटर. एकेरी मॅगझिनमध्ये ती एकावर एक बसतात, म्हणून आतली रुंदी तेवढीच पुरते, पण प्रत्येक गोळीमागं उंची १० मिलिमीटरनं वाढते. दुहेरी मॅगझिनमध्ये काडतुसं आळीपाळीनं डावी-उजवी, एकमेकांच्या खाचेत बसतात. ती पूर्ण दाटून बसली तर रुंदी दुप्पट होत नाही, साधारण साडेअठरा मिलिमीटर होते, आणि प्रत्येक गोळीमागं उंची मात्र निम्मीच लागते. सौदा चांगला आहे, पण वाढलेल्या साडेआठ मिलिमीटरला मुठीच्या पुढून आणि मागून हाताला वळसा घालावा लागतो. मुठीच्या घेरात सुमारे १७ मिलिमीटरची भर पडते.

मोठ्या पंजाला ते जाणवतही नाही. आखूड बोटांचा हात मात्र ट्रिगरपर्यंत पोचण्यासाठी मुठीभोवती पुढं सरकतो. मग पिस्तुलाची मागची बाजू तळहाताच्या मध्यावर न टेकता अंगठ्याच्या बुडाशी टेकते, धक्का थेट त्या सांध्यात जातो आणि नळी मनगटाच्या रेषेतून बाहेर पडते. ट्रिगरवर बोटाचं टोकच पडतं. टोकानं दाबलं की जोर सरळ मागं न जाता बाजूला लागतो. तिच्या गोळ्या डावीकडं जात होत्या त्या यामुळं.

दुहेरी मॅगझिनची मूठ जाडच असली पाहिजे असं नाही. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरनं १३ गोळ्या सामावूनही मूठ आटोपशीर ठेवली. तिचं मॅगझिन ड्यूदोने सेव्ह यांनी घडवलं. इशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ मिलिमीटर १-ए त्याच घराण्यातलं.

अलीकडच्या अनेक पिस्तुलांत मुठीचा मागचा तुकडा बदलता येतो. तो पातळ लावला की ट्रिगरपर्यंतचं अंतर कमी होतं, पण मॅगझिन तेवढंच राहत असल्यानं आडवी जाडी फारशी घटत नाही. तिला हाच तुकडा उपयोगी पडला. पकड सरळ झाली आणि गट मध्यावर आला. गोळ्या भरताना शेवटच्या दोन-तीनसाठी लागणारा जोर मात्र कमी झाला नाही. त्यासाठी ती भरणी-यंत्र वापरते.

एकेरी मॅगझिन हा प्रत्येक लहान हातावरचा उपाय, असंही समजू नये. गोळ्या कमी, आणि अरुंद मूठ धक्का तळहाताच्या छोट्या पट्टीवर झेलते. छोट्या, हलक्या पिस्तुलात तो अधिक बोचतो. भारतात सर्वसाधारण परवानाधारक नागरिकाला ९ मिलिमीटर पॅराबेलम मिळत नाही, ते निषिद्ध बोअर आहे. त्याला मिळू शकणाऱ्या .३२ मध्ये काडतूस लहान असल्यानं हा पेच बराच सौम्य होतो.

पिस्तूल हाती घेताना प्रशिक्षकासमोर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. मग नेहमीची पकड घ्या. वरून पाहिल्यावर नळी हाताच्या रेषेत आहे का, बोटाचा पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर येतो का, आणि पकड न सोडता मॅगझिनचं बटण दाबता येतं का, एवढं पाहा. तीनपैकी एक जरी जमत नसेल तर गोळ्यांच्या संख्येवर भाळू नका. दुसरी मूठ किंवा दुसरं पिस्तूल मागून घ्या.