किल्ली तुझ्याजवळ नको

प्रिय छोटू,

परवा फोनवर तू म्हणालास, "ताई, ॲप डिलीट केलं, आता संपलं." त्या क्षणी तुझ्या मनात खरंच तसं असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण ॲप काढून टाकणं म्हणजे स्वतःला बंदी घालणं नव्हे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल दोन मिनिटांत पुन्हा बसते, जुना आयडी-पासवर्ड चालतो, आणि आयडी देणारा तर तुझ्या मेसेजची वाटच पाहत असतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मुकुटबनला रात्री क्रिकेटवर पैसे लावणारे तुझे जे सोबती आहेत, त्यांनाही वाचायला दे.

इथे लेस्टरला माझ्यासोबत कामाला असलेल्या एकाचं हे सगळं मी जवळून पाहिलं. तो आपल्याच बाजूचा, नाव लिहीत नाही. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची एक नोंदवही आहे. तिच्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल आणि मोबाइल नंबर भरायचा, आणि मुदत निवडायची : 6 महिने, 1 वर्ष किंवा 5 वर्षं. सरकारी परवाना असलेल्या प्रत्येक ऑनलाइन बेटिंग कंपनीला 2020 पासून या नोंदवहीशी जोडून घेणं सक्तीचं आहे, त्यामुळे एका अर्जात सगळीकडची दारं बंद होतात. मुख्य म्हणजे मुदत संपेपर्यंत ती बंदी उठवता येत नाही. कितीही विनवण्या केल्या तरी नाही. मुदत संपल्यावरसुद्धा ती आपोआप सुटत नाही, आपण होऊन मागावं लागतं. डोकं शांत असताना घेतलेला निर्णय डोकं तापल्यावर मोडता येऊ नये, एवढ्यासाठी ही सगळी रचना आहे.

त्याने 5 वर्षं निवडली. अर्ज भरताना मी शेजारीच बसले होते आणि मलाही वाटलं, सुटला. पण थोड्याच दिवसांत तो पुन्हा हरलेला होता. परवाना नसलेल्या परदेशी साइट्स 'आम्ही गॅमस्टॉपमध्ये नाही' अशी जाहिरातच करतात, तो तिथे गेला होता. नोंदवही परवानाधारकांना बांधते, चोरांना नाही. शेवटी तो थांबला तो बँकेमुळे. इथल्या बऱ्याच बँका ॲपमध्ये जुगाराचे कार्ड-व्यवहार अडवायची सोय देतात, आणि ती सोय बंद करायची म्हटली तर काही बँका दोन-तीन दिवस थांबायला लावतात. शिवाय पगाराचं खातं त्याने बायकोच्या नजरेखाली ठेवलं.

आता तुझ्याकडे वळते. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याकडे ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा केंद्रीय कायदा झाला. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, तेव्हा मदत मागायला भिऊ नको. मोठ्या नावाच्या ॲप्सनी पैशांचे खेळ लगेच बंद केले. तुझ्या हातात उरले ते सगळे परदेशातून चालणारे, म्हणजे माझ्या सहकाऱ्याला ज्यांनी बुडवलं त्याच जातीचे. त्यांच्या सेटिंगमध्ये 'सेल्फ एक्स्क्लुजन'चं बटण दिसलं तरी ते त्या एका आयडीपुरतं असतं. एजंट दुसरा आयडी देतो, वर बोनसही देतो. खातं बंद करतो असं त्याला सांगायलाही जाऊ नकोस, त्या बोलण्यातूनच तो तुला परत ओढेल. आत तुझे जे पैसे अडकलेत म्हणतोस, ते सोड. ते काढायला म्हणून गेलास की आधी आणखी भर म्हणतील.

आणि ते पैसे आले तरी घेऊ नकोस. तू पाठवलेलं बँक स्टेटमेंट मी ओळ न् ओळ वाचलं. रात्री अकरानंतर 500, पुन्हा 500, मग 1,000, मग एकदम 5,000, आणि दर वेळी घेणारा वेगळा : एकदा कुठलंसं किराणा दुकान, एकदा ट्रेडर्स, एकदा एका बाईचं नाव. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. तू एकदा जिंकलास तेव्हा पैसे आले तेही अशाच अनोळखी माणसाकडून. त्याच खात्यात कुणा फसवल्या गेलेल्या माणसाची रक्कम फिरलेली असली आणि त्याने 1930 वर तक्रार केली, तर पैशांचा माग काढत पोलिस तुझ्या खात्यापर्यंत येतात आणि बँक रक्कम रोखून धरते. कधी पूर्ण खातंच गोठतं. पगार त्याच खात्यात येतो ना? मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागेल.

आपल्याकडे गॅमस्टॉपसारखी नोंदवही नाही, तेव्हा बंदी आपल्यालाच घरी बांधावी लागेल, आणि तिची किल्ली तुझ्याजवळ राहता कामा नये.

पहिलं काम बँकेचं. बाबांना घेऊन शाखेत जा आणि तुम्हा दोघांच्या नावाने खातं उघडा. फॉर्मवर 'दोघांपैकी कोणीही' यावर खूण करू नका, 'दोघांच्या सहीने' असंच हवं. अशा खात्याला सहसा यूपीआय जोडता येत नाही, तेच आपल्याला पाहिजे. एटीएम कार्ड मागू नका. पगार या खात्यात वळवून घे. आताचं खातं चहा-पेट्रोलपुरतं ठेव, त्यात आठवड्याला ठरावीक रक्कम बाबा टाकतील. त्या खात्याच्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद करता येतात, ते बंद कर. फोनमधली झटपट कर्ज देणारी ॲप्सही काढ, कारण खिसा रिकामा झाला की हात तिकडेच जातो.

दुसरं फोनचं. बेटब्लॉकर नावाचं ॲप एका धर्मादाय संस्थेचं आहे, फुकट आहे. एका दिवसापासून 5 वर्षांपर्यंत मुदत निवडता येते आणि ती संपेपर्यंत तुलाही बंदी काढता येत नाही. पहिल्यांदा 1 वर्ष निवड. त्याची मर्यादा आधीच सांगते : या परदेशी साइट्स रोज पत्ता बदलतात, एखादी नवी लिंक त्यातून निसटेलच. म्हणून टेलिग्रामवरचे टिप्सचे सगळे ग्रुप सोड, एजंटांचे नंबर ब्लॉक कर, आणि जमलं तर नंबरच बदल. फोनवर बंदी बसली म्हणून बँकेचं काम टाळू नकोस. दोन्हींत बँक मोठी.

राहिलं तू लोकांकडून घेतलेलं उसनं. ते मी देईन, पण तुझ्या खात्यात एक रुपया पाठवणार नाही. कुणाला किती द्यायचं याची यादी बाबांसमोर बसून कर, मी ज्याचे त्याला थेट पाठवते. तुला राग येईल, येऊ दे. माझ्या सहकाऱ्याच्या भावाने कर्ज फेडायला म्हणून पैसे त्याच्याच हातात दिले होते, आणि ती रक्कम त्याच रात्री साइटवर गेली.

पगाराचा दिवस, मोठी मॅच आणि रात्री एकटं असणं, या तीन वेळा सांभाळ. हात शिवशिवला की 14416 लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. मला केव्हाही फोन कर, इथे दिवस असो वा रात्र.

बाबांना मी अर्धंच सांगितलंय. बाकीचं तू सांग, पण शाखेत जाण्याच्या आधी. फॉर्मवर सही करताना ती कशासाठी करतोय हे त्यांना माहीत पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात तू गोड बोलून त्यांच्याकडून खातं बदलून घेशील. सोमवारी दोघांचं आधार, पॅन आणि फोटो घेऊन जा, आणि दर महिन्याचं स्टेटमेंट शाखेतून छापून बाबांच्या हातात दे.

तुझी ताई