तापातून उठलेली भरतीवाली पोरगी: आधी ताट, मग ग्राउंड

ताईंनो, पहाटे पाच वाजता रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या मुली आपल्या लाखनी तालुक्यात आता कोणाला नवीन नाहीत. आपल्याच गटांतल्या कितीतरी जणींच्या पोरी पोलीस भरतीची तयारी करत आहेत. महिलांच्या मैदानी चाचणीत ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि चार किलोच्या गोळाफेकीला १५, असे एकूण ५० गुण असतात. त्यातले निम्मे तरी मिळाले पाहिजेत, तरच पुढं लेखी परीक्षा. म्हणून ग्राउंड जवळ आलं की घरातल्या सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो. २०२४ ची चाचणी तर जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडावरच सुरू झाली होती. नेमके तेच दिवस तापाचे आणि हगवणीचे.

मागच्या काही बैठकांत एकच प्रश्न वेगवेगळ्या ताईंनी विचारला. "पोरगी तापातून उठली, पन तिले जेवाले मनच होत नाही. ग्राउंड तर जवळ आलं. पळू द्यावं का नाही?" या अंकात त्याचंच उत्तर सविस्तर देते.

पहिल्यांदा भूक का जाते ते समजून घेऊ. ताप असताना शरीर जंतूंशी लढत असतं आणि त्या लढाईत शरीरच भूक दाबून ठेवतं. ताप उतरला की लगेच भूक परत येत नाही, चार-आठ दिवस मागं राहते. पोट बिघडलं असेल तर आतड्याच्या आतलं नाजूक अस्तरही सोललेलं असतं. ते भरून यायला वेळ लागतो, म्हणून थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं. म्हणजे पोरगी नखरे करत नाही. पण शरीराची गरज मात्र कमी झालेली नसते. उलट झीज भरून काढायला जास्तच अन्न लागतं. भूक सांगते "नको" आणि शरीर मागतं "दे". म्हणून या आठ-दहा दिवसांत जेवण भुकेवर नाही, घड्याळावर चालवायचं.

इथं सलाईनबद्दल बोलावंच लागेल. अशक्तपणा आला की आपल्याकडे "ताकदीची एक बाटली लावून द्या" असं म्हणायची पद्धत आहे. अर्धा लिटरच्या ग्लुकोज सलाईनमध्ये साधारण २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तेवढीही नाही. ज्याला उलट्या-जुलाबानं फार पाणी कमी पडलंय आणि तोंडानं काही टिकत नाही, त्याचा सलाईननं जीव वाचतो. पण जिला पिता येतं, खाता येतं, तिला त्यातून ताकद मिळत नाही. तूप टाकलेली वाटीभर मुगाची खिचडी त्या बाटलीपेक्षा जास्त देते आणि पैसेही वाचतात.

आता एका मुलीचं उदाहरण सांगते. नाव लिहीत नाही. तिला सोमवारी रात्री ताप आणि जुलाब सुरू झाले. पुढच्या महिन्यात, म्हणजे २६ दिवसांनी ग्राउंड होतं. गुरुवारी संध्याकाळी गोळी न घेता ताप उतरला, शनिवारी शौच घट्ट झालं. वजन ४९ वरून ४६ किलोवर आलं होतं. तिच्या बाबांचं म्हणणं, सोमवारपासून पळायला लाग. आई म्हणे, महिनाभर घराबाहेर नको. दोन्ही टोकं.

शुक्रवारपासून आईनं खाण्याची वेळ बांधून दिली: सकाळी सहा, साडेआठ, अकरा, दीड, चार, साडेसहा आणि झोपण्याआधी. प्रत्येक वेळी फक्त अर्धी-पाऊण वाटी. पहिले दोन दिवस तांदळाची पेज. एक वाटी तांदळाला पाव वाटी मुगाची डाळ आणि आठ वाट्या पाणी, मऊ शिजवून मीठ घालून. त्यासोबत केळं आणि ताजं पातळ ताक. जुलाब सुरू होते तोवर ओआरएसही चालू होतं, एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. पाकीट अर्ध्या लिटरमध्ये टाकू नका आणि दोन लिटरमध्येही नको, प्रमाण बिघडलं की उपयोग जातो. तयार केलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. ही पाकिटं आशाताईंकडे मिळतात.

रविवारपासून पेज घट्ट होत होत खिचडी झाली, त्यात चमचाभर तूप. मंगळवारी उकडलेलं अंडं, गुरुवारी नेहमीचं वरण-भात-भाजी, पण अजून थोडं थोडंच. दूध मात्र पोट बिघडल्यानंतर आठवडाभर बाजूला ठेवलं, कारण सोललेल्या आतड्याला दूध पचत नाही, पुन्हा गॅस आणि जुलाब होतात. दही-ताक बहुतेकींना चालतं. तळलेलं, झणझणीत रस्सा हे दहा दिवस नाही.

दोन बारीक गोष्टींनी तिचं खाणं वाढलं. एक, जेवणाआधी तांब्याभर पाणी प्यायची सवय होती ती बंद केली, पाणी दोन खाण्यांच्या मधे. दोन, सकाळचा चहा-बिस्किट खाण्यानंतर घ्यायला लावला, आधी नाही. आजारी माणसाला चहा-बिस्किट देणं हे आपल्याकडे प्रेमाचं काम समजतात, पण त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं आणि खरी वाटी तशीच राहते. उपासाचा दिवस या काळात आला तर तो पुढं ढकला. देव समजून घेतो असं माझी आजी म्हणायची.

पळायला कधी सुरुवात करायची? त्या मुलीसाठी आम्ही असं धरलं: गोळी न घेता दोन पूर्ण दिवस ताप नसावा, शौच नेहमीसारखं असावं, दोन दिवस रोजच्या जेवणाच्या निम्म्याहून जास्त पोटात टिकलेलं असावं, आणि सकाळची नाडी खाली यायला लागलेली असावी. नाडी पाहणं सोपं आहे. झोपेतून उठल्यावर, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलीनं निरोगी असताना आठवडाभर नाडी मोजून आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आजारानंतर तुलना करायला दुसरं काही हाताशी नसतं. या मुलीची नेहमीची नाडी ६४. शुक्रवारी ८८ होती, रविवारी ७४, मंगळवारी ६८.

रविवारी तिनं गल्लीतच पंधरा मिनिटं चालून पाहिलं. मंगळवारी पंचवीस मिनिटं भराभर चालली. गुरुवारी एक मिनिट हळू पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पळताना सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हीच वेगाची मर्यादा. शनिवारी सलग पंधरा मिनिटं हळू. मधल्या दिवशी पूर्ण विश्रांती. वेगानं १०० मीटर आणि गोळा दोन्ही दुसरा आठवडा संपल्यावर घेतले, तेही पूर्ण जोर न लावता. घड्याळ लावून ८०० मीटर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, एकदाच.

दुसऱ्या दिवशीची सकाळ खरं सांगते. नाडी नेहमीपेक्षा दहानं जास्त आली, रात्री झोप नीट लागली नाही, किंवा कालच्यापेक्षा जेवण कमी गेलं, तर एक पायरी मागं यायचं. शेवटची खूण बहुतेकजणी सोडून देतात. जोरात पळाल्यावर तासभर भूक आणखी मरते. आधीच कमी खाणारी मुलगी जोर लावून पळाली तर त्या दिवशी अजून कमी खाते, वजन उतरतं, आणि दोन दिवसांनी पाय जड होतात. मग वाटतं सराव कमी पडतोय आणि ती अजून पळते. या चक्रातून तिला घरच्यांनीच काढावं लागतं. म्हणून पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पातळ द्या, कारण घास जात नसला तरी घोट जातो. मीठ घातलेली पेज किंवा ताकात कालवलेला मऊ भात. घट्ट जेवण तासाभरानं.

आणि हो, रोवणी! काही घरी पोरीला ग्राउंड बंद करून रोवणीला मात्र नेतात. दिवसभर चिखलात वाकून रोवणी करणं हे ८०० मीटरपेक्षा कितीतरी मोठं काम आहे. पळणं बंद असेल तर बांधावर जाणंही बंदच धरा.

एक आठवडा गेला म्हणून सगळी तयारी पाण्यात जात नाही. आठ-दहा दिवसांत दम कमी झाल्यासारखा वाटतो तो बराचसा अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, आणि तो खाण्यापिण्यानं लवकर भरून येतो. त्या मुलीची २१ व्या दिवशीची वेळ तिच्या जुन्या वेळेपेक्षा आठ सेकंदांनी मागं होती. ग्राउंडच्या दिवशी फरक दोन सेकंदांवर आला. वजन तोवर ४८ झालं होतं.

हे सगळं साध्या तापाचं आणि साध्या पोटाच्या आजाराचं. टायफॉइडमध्ये ताप गेल्यावरही आतड्याला जखमा असतात, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पळायचंच नाही. डेंगीत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जोखमीचे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय थंड पडणं यांतलं काही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना. डेंगीची शंका असेल तर तापाला पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी देऊ नका. तीन दिवसांत ताप गेला नाही तर ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासून घ्या, मलेरियाची तपासणीही करायला सांगा.

पुन्हा पळायला लागल्यावर छातीत दुखलं, छाती धडधडत राहिली, चक्कर आली किंवा थोड्याशा पळण्यानंही दम आवरेना, तर त्या दिवसापासून सराव बंद आणि तपासणी. आणि नीट जेवूनही तीन आठवड्यांनंतर दम लागतच असेल तर हिमोग्लोबिन बघा. बऱ्याच मुलींचं रक्त आजाराआधीपासूनच कमी असतं, ताप फक्त ते उघडं पाडतो. लोहाच्या गोळ्या पोट बिघडलेलं असताना त्रास देतात. शौच नेहमीसारखं झालं की आशाताईंना विचारून पुन्हा सुरू करा, रात्रीच्या जेवणानंतर घेतल्या तर मळमळ कमी होते.